मागची टॅक्सी नेमकी किती धूसर? आकडा फोटोतच असतो

प्रश्न: मरीन ड्राइव्हवरचा प्री-वेडिंग फोटो आहे. उभी फ्रेम, ८५ ची लेन्स, f/2. मुलीचे आजोबा पद्मिनी टॅक्सी चालवायचे, म्हणून जोडप्याच्या मागे रस्त्यावर जुनी काळी-पिवळी टाकायची आहे. गॉसियन ब्लर ८ दिला, १२ दिला, तरी ती चिकटवल्यासारखीच दिसते. अजून वाढवला की नुसता डाग होतो. किती ब्लर द्यायचा हे ठरवतात कसं?

उत्तर:

डोळ्यांनी अंदाज घेत स्लायडर सरकवणं आधी थांबवा. टॅक्सीला किती ब्लर हवा हे फोटो काढला त्याच क्षणी ठरलेलं असतं. लेन्स, ऍपर्चर, जोडप्याचं अंतर आणि टॅक्सीचं अंतर या चार गोष्टींतून एकच आकडा निघतो, आणि तुमच्यासारख्या फोटोत तो पट्टी लावून मोजता येतो. त्यासाठी टॅक्सी किती मीटरवर आहे हेसुद्धा माहीत असावं लागत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला दोन वेगळ्या चुका दिसतात. एक ब्लर किती याची, दुसरी ब्लर कोणत्या जातीचा याची. त्या एकत्र झाल्यामुळे कमी दिला तरी खोटं आणि जास्त दिला तरी खोटं असं होतंय. आधी ‘किती’ बघू, कारण ते पक्कं झाल्याशिवाय दुसरी चूक नीट दिसत नाही.

तुमची फाइल माझ्यासमोर नाही. म्हणून माझ्याकडचा तिथलाच एक जुना फोटो घेतला आणि काल रात्री त्यावर टॅक्सी बसवून पाहिली. मांडणी तुमच्यासारखीच आहे: फुल फ्रेम कॅमेरा, उभी फ्रेम ४००० बाय ६०००, ८५ मिमी, f/2, जोडपं साधारण ६ मीटरवर, पायांपासून डोक्यापर्यंत पूर्ण. जोडपं फुटपाथवर रस्त्याच्या कडेशी उभं आहे, उजवीकडे रस्ता, डावीकडे कट्ट्यापलीकडे पाणी आणि लांब मलबार हिलचे दिवे. खालचे आकडे या फोटोचे आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तीच राहील.

पहिलं काम म्हणजे या फोटोत सगळ्यात जास्त ब्लर किती आहे ते शोधणं. लेन्स ६ मीटरवर फोकस केली की मागे जाल तसा ब्लर वाढतो, पण तो वाढतच राहत नाही. खूप लांब गेल्यावर एका कमाल आकड्याशी येऊन थांबतो. तो आकडा लांबच्या दिव्यांनी फोटोत स्वतःच लिहून ठेवलेला असतो. मलबार हिलच्या खिडकीतला दिवा खरं तर एक बिंदू, पण फोटोत त्याची गोल चकती झालेली असते. त्या चकतीचा व्यास म्हणजे तुमचा कमाल ब्लर. १०० टक्के झूमवर जाऊन तीन-चार चकत्या मोजल्या, तर माझ्या फोटोत त्या १०० पिक्सेलच्या आसपास आल्या.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. फुटपाथलगतच्या खांबावरचा दिवा घेऊ नका. तो जवळ असतो आणि स्वतःच मोठा असतो, त्यामुळे चकतीत दिव्याचा आकारही मिसळतो. दोन-अडीच किलोमीटरवरचा लहान, एकटा दिवा घ्या. आणि फ्रेमच्या कोपऱ्यातली चकती घेऊ नका. तिथे लेन्सची नळी प्रकाश कापते, त्यामुळे चकती गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखी चपटी होते. मधल्या भागातली घ्या.

आता ब्लर कसा वाढतो ते बघा, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. जोडपं ६ मीटरवर आणि कमाल ब्लर १०० पिक्सेल असेल, तर ७ मीटरवरच्या वस्तूला १४ पिक्सेल ब्लर येतो. ८ मीटरवर २५, ९ वर ३३, १२ वर ५०, १५ वर ६०. त्यानंतर वेग मंदावतो: ३० मीटरवर ८०, ६० मीटरवर ९०. म्हणजे फोकसच्या लगेच मागे ब्लर धावतो आणि पुढे रेंगाळतो. जोडप्याच्या अंतराइतकंच आणखी मागे गेलात की कमाल ब्लरच्या निम्मं झालेलं असतं. सात-आठ गाड्या मागे उभी असलेली टॅक्सी ‘अजून तशी जवळच आहे’ असं मनाला वाटतं, पण लेन्सच्या हिशेबात ती केव्हाच लांब गेलेली असते. म्हणून हात आपोआप कमी ब्लर देतो.

या आकड्यांमागचं सूत्र सोपं आहे: एकातून जोडप्याचं अंतर भागिले वस्तूचं अंतर वजा करा, उरेल त्याला कमाल ब्लरने गुणा. अडचण एवढीच की वस्तूचं अंतर आपल्याला माहीत नसतं. टॅक्सी तर तिथे नव्हतीच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत संपली आणि त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, म्हणूनच तर तुम्हाला ती बाहेरून आणून बसवावी लागतेय.

इथे जमीन मदतीला येते. सपाट जमिनीवरची वस्तू जितकी लांब, तितकी तिची पायाची रेघ फोटोत क्षितिजाजवळ सरकते, आणि हे अगदी प्रमाणात होतं. जोडप्याचे पाय क्षितिजाच्या जितके पिक्सेल खाली आहेत, त्याच्या निम्म्यावर ज्या वस्तूचा पाय आहे ती दुप्पट अंतरावर आहे. एक तृतीयांशावर असेल तर तिप्पट. म्हणजे सूत्रात जे अंतरांचं गुणोत्तर लागतं, ते फोटोतल्या दोन उभ्या मापांचं गुणोत्तर आहे. क्षितिजापासून पायापर्यंतच्या या मापाला आपण ‘उतार’ म्हणू:

```
ब्लर = कमाल ब्लर × (1 − टॅक्सीचा उतार ÷ जोडप्याचा उतार)
```

याचाच दुसरा अर्थ मला फार उपयोगी वाटतो. सपाट जमिनीवर ब्लर जोडप्याच्या पायाशी शून्य असतो, क्षितिजाशी कमाल असतो आणि मधे सरळ रेषेत वाढतो. म्हणजे पायापासून क्षितिजापर्यंत ओढलेला साधा काळ्या-पांढऱ्याचा ग्रेडियंट हा त्या जमिनीचा खरा डेप्थ मॅप आहे. कॅमेरा थोडा खाली झुकवलेला असला तरी हे खरंच राहतं, फक्त क्षितिज फ्रेममध्ये वर सरकतं. फोटो तिरका असेल तर आधी सरळ करा, नाहीतर ग्रेडियंट क्षितिजाला काटकोनात धरा.

क्षितिज कुठे धरायचं? मरीन ड्राइव्हवर समुद्र आहे, त्यामुळे सोपं आहे. माझ्या फोटोत उघडं क्षितिज नव्हतं, समोरच्या किनाऱ्याशी पाणी संपतं ती रेघ होती. ती खऱ्या क्षितिजाच्या जराशी खाली असते. माझ्या हिशेबाने तीसेक पिक्सेलने, आणि इथल्या मापात एवढ्याने काही बिघडत नाही. रेघ स्वतः धूसर असते, तर तिच्या पट्ट्याचा मध्य धरा. समुद्र नसेल, दादरच्या एखाद्या गल्लीतला फोटो असेल, तर फुटपाथच्या सरळ कडा आणि इमारतींच्या आडव्या रेघा लांबवून त्या जिथे मिळतात तिथून क्षितिज जातं. मरीन ड्राइव्हवर मात्र ही युक्ती वापरू नका, कारण रस्ताच वळतो.

आता प्रत्यक्ष माप. माझ्या फोटोत वरून मोजलं तर क्षितिज २१०० व्या पिक्सेलवर आणि जोडप्याचे पाय ५४०० वर. जोडप्याचा उतार ३३००. टॅक्सी मी जिथे बसवली तिथे तिच्या पुढच्या चाकांचा तळ ३६०० वर येत होता. टॅक्सीचा उतार १५००. भागाकार ०.४५, एकातून वजा केला तर ०.५५, म्हणजे ब्लर ५५ पिक्सेल.

पण इथे एक खोच आहे. जोडपं फुटपाथवर, टॅक्सी रस्त्यावर, आणि रस्ता फुटपाथपेक्षा खाली. दोघांची जमीन एक नाही. कॅमेरा फुटपाथपासून १.४ मीटर उंचीवर होता आणि कडेची उंची मी २० सेंटीमीटर धरली, म्हणजे रस्त्यापासून कॅमेरा १.६ मीटर. खालच्या जमिनीवरच्या वस्तूचा उतार तेवढ्या प्रमाणात जास्त दिसतो. तो परत फुटपाथच्या मापात आणायला १५०० ला १.४ ने गुणून १.६ ने भागा: साधारण १३१०. आता गुणोत्तर ०.४० आणि ब्लर ६० पिक्सेल. अंतर काढलं तर १५ मीटर. पाच पिक्सेलचा हा फरक नजरेला जेमतेम जाणवेल, पण गेटवेच्या पायऱ्या किंवा बँडस्टँडचे खडक असतील तर हाच फरक मोठा होतो आणि तिथे ही दुरुस्ती सोडून चालत नाही.

ब्लर देण्याआधी टॅक्सीचा आकार तपासा. आकार चुकीचा असेल तर बरोबर ब्लरसुद्धा खोटा दिसतो आणि आपण उगाच ब्लरलाच दोष देत बसतो. क्षितिज ही कॅमेऱ्याच्या उंचीची रेघ आहे. रस्त्यापासून कॅमेरा १.६ मीटरवर आणि पद्मिनीचं छत साधारण दीड मीटरवर, म्हणजे छत क्षितिजाच्या थोडंसं खाली यायला हवं. माझ्या फोटोत सुमारे ९५ पिक्सेल खाली. छत क्षितिजाच्या वर डोकावत असेल तर टॅक्सी मोठी झालीय. आकार पक्का करा आणि मगच ब्लर द्या. ब्लर दिल्यावर लेयर लहान-मोठा केला की ब्लरही त्याबरोबर लहान-मोठा होतो आणि सगळं माप वाया जातं.

६० पिक्सेल ब्लर म्हणजे प्रत्यक्षात काय दिसलं पाहिजे, हेही काढता येतं, आणि मला स्वतःला ही तपासणी सगळ्यात भरवशाची वाटते. ८५ ची लेन्स f/2 वर म्हणजे ऍपर्चरचा व्यास ४२.५ मिमी. फोकस ६ मीटरवर आणि टॅक्सी त्याच्या ९ मीटर मागे. ४२.५ ला ९ ने गुणा आणि ६ ने भागा: ६४ मिमी. टॅक्सीवरची ६४ मिमीपेक्षा लहान गोष्ट स्वतंत्रपणे दिसता कामा नये. आता टॅक्सीकडे बघा. नंबर प्लेटवरची अक्षरं साधारण याच उंचीची असतात, तर प्लेट हा एक फिका पट्टा दिसेल आणि त्यात काहीतरी काळसर आहे इतकंच कळेल. नंबर वाचता आला तर ब्लर कमी आहे. वायपर जवळजवळ नाहीसे होतील. जाळीच्या आडव्या पट्ट्या एकमेकींत मिसळून एक करडा भाग होईल. हेडलाइट मात्र गोलच राहतील, कड विरलेले. आणि काळं अंग, पिवळं छत ही विभागणी स्वच्छ कळेल. पद्मिनी ओळखू येते ती तेवढ्यावरच. आजोबांची टॅक्सी ओळखीची वाटावी म्हणून तुम्ही ब्लर कमी ठेवत असाल, तर त्याची गरज नाही.

गाडीच्या लांबीत ब्लर बदलवायचा का? पद्मिनी जेमतेम ४ मीटर लांब. पुढचा भाग १५ मीटरवर, मागचा १९ वर, म्हणजे ६० आणि ६८ पिक्सेल. समोरून दिसणाऱ्या गाडीत हा फरक सोडून द्या, पूर्ण गाडीला ६० द्या. पण हीच टॅक्सी ८ मीटरवर आडवी-तिरकी उभी केलीत तर पुढे २५ आणि मागे ५० असा दुपटीचा फरक येतो. तिथे एकाच आकड्याचा ब्लर लगेच पकडला जातो आणि गाडीपुरता ग्रेडियंट करावाच लागतो.

आता दुसरी चूक, ब्लरची जात.

लेन्स एका बिंदूची चकती करते: आत सगळीकडे जवळपास सारखा उजेड आणि कडेला संपला की संपला. गॉसियन ब्लर त्याच बिंदूचा ढग करतो, मध्यात दाट आणि कडेला लांबवर विरत जाणारा. पसारा सारखा धरला तर चकतीच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाचा गॉसियन तिच्या बरोबरीचा येतो, म्हणजे ६० ला १५. तुमचा फोटो माझ्यासारखा असेल तर ८ हा निम्मा होता, १२ मात्र फार लांब नव्हता. तरीही १२ ला ती चिकटवल्यासारखी आणि पुढे गेल्यावर डाग दिसली, याचं कारण हेच. शेजारची झाडं आणि गाड्या चकत्यांनी बनलेल्या आहेत आणि टॅक्सी वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखी.

फोटोशॉपमध्ये Filter > Blur > Lens Blur वापरा. Blade Curvature वाढवून चकती गोल करा, किंवा तुमच्या लांबच्या दिव्यांच्या चकत्यांना कोपरे दिसत असतील तर तेवढ्याच बाजूंचा आकार Shape मध्ये निवडा. Radius चा आकडा आणि प्रत्यक्ष पिक्सेल यांच्यात गल्लत नको म्हणून मी दर वेळी एक छोटी चाचणी करतो. एका वेगळ्या लेयरवर अर्धा भाग काळा, अर्धा पांढरा, मधे धारदार कड. त्यावर ब्लर द्यायचा आणि काळ्याचं पांढरं व्हायला किती पिक्सेल लागतात ते मोजायचं. तो पट्टा ६० पिक्सेलचा होईपर्यंत Radius बदलायचा आणि मिळालेली सेटिंग टॅक्सीला द्यायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं.

‘चिकटवल्यासारखी’ या भावनेचं अर्धं मूळ कडेत असतं. खऱ्या फोटोत धूसर वस्तूची कड आत-बाहेर दोन्हीकडे पसरते आणि मागचा रस्ता तिच्यातून झिरपतो. कटआउटच्या आत ब्लर दिला आणि मास्क तसाच धारदार ठेवला, तर आतून मऊ आणि बाहेरून कात्रीने कापलेली अशी टॅक्सी मिळते. उलट मूळ फोटोत टॅक्सीमागे उजळ आभाळ असेल आणि तेही ब्लरमध्ये ओढलं गेलं, तर काळ्या अंगाभोवती पांढुरकी किनार येते. त्यावर उपाय असा: टॅक्सीच्या कडेचे रंग मास्कच्या बाहेर ४०-५० पिक्सेलपर्यंत पसरवून घ्या. क्लोन स्टॅम्पने ओबडधोबड केलं तरी चालतं, तो भाग फार थोडा दिसणार आहे. मग रंगाच्या लेयरला आणि मास्कला वेगवेगळा, पण अगदी तेवढाच लेन्स ब्लर द्या.

जोडप्यापैकी कोणी टॅक्सीच्या काही भागावर येत असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. टॅक्सी पूर्ण ठेवा, पूर्णच धूसर करा, आणि शेवटी जोडप्याच्या धारदार मास्कने झाका. आधी झाकलेला भाग कापून मग ब्लर दिलात, तर मुलीच्या केसांशी टॅक्सी फिकी पडत जाते आणि केसांभोवती रस्त्याच्या रंगाचं वलय दिसतं. मी शिकाऊ असताना एका बिल्डरच्या माहितीपत्रकात नेमकी हीच चूक केली होती. कुटुंब पुढे, मागे पोर्चमध्ये बसवलेली गाडी. स्क्रीनवर २५ टक्क्यांना सगळं गुळगुळीत दिसत होतं. चार फुटी प्रिंट निघाल्यावर बाईंच्या खांद्याभोवती बोटभर रुंदीचं वलय दिसलं आणि ते सगळे प्रिंट फुकट गेले. चौथ्या हिश्शावर बघताना ६० चा ब्लर १५ होतो आणि ३० चा ७-८ होतो, दोन्ही डोळ्यांना सारखेच वाटतात. म्हणून ब्लर जुळवताना १०० टक्के झूमवर जा.

चमक हा शेवटचा अवघड भाग. हेडलाइटच्या काचेवर किंवा बंपरच्या क्रोमवर सूर्याचा ठिपका असेल, तर खऱ्या लेन्समध्ये त्याची उजळ चकती झाली असती. पण फाइलमध्ये तो ठिपका फक्त ‘पांढरा’ म्हणून नोंदलेला असतो. प्रत्यक्षात तो त्या पांढऱ्याच्या कित्येक पट उजळ होता, ती माहिती गेलेली असते. ब्लर दिला की तो पातळ होऊन करडा पडतो. लेन्स ब्लरमधले Specular Highlights चे स्लायडर यासाठीच आहेत, पण ते पिवळ्या छतासारखे मोठे उजळ भागही उचलतात. मी हाताने करतो: वर नवा लेयर, मोड Screen, ६० पिक्सेलचा कडक कडेचा गोल ब्रश, कमी अपारदर्शकता, आणि जिथे ठिपका होता तिथे एकच टिचकी. एक-दोन पुरतात. आजूबाजूच्या चकत्यांपेक्षा त्या उजळ होऊ देऊ नका. संध्याकाळच्या ढगाळ उजेडातला फोटो असेल तर हे मुळीच करू नका, तिथे चमकच नसते.

टॅक्सीखालची सावलीही १५ मीटरवरच आहे, तर तिलाही ६० चाच ब्लर. चाकांच्या तळाशी धारदार काळी रेघ राहिली की गाडी हवेत तरंगते. शेजारी फुटपाथच्या कडेचे रंगवलेले पट्टे त्याच पातळीवर दिसत असतील तर फार उत्तम. त्या पट्ट्यांच्या सीमारेषा जितक्या पसरल्यात, तितकीच चाकाची आणि सावलीची कड पसरायला हवी. माझ्या फोटोत असा एक पट्टा होता, त्याचा पसारा ६० च्या घरात निघाला आणि वरचं सगळं गणित बरोबर असल्याची खात्री पटली. आकडेमोड नको असेल तर निदान हे तरी करा: वस्तूचा पाय ज्या जमिनीवर टेकतो, त्याच अंतरावरची एखादी खरी कड शोधा आणि तिच्याशी जुळवा.

नॉइज सगळ्यात शेवटी. ब्लर टॅक्सीच्या फोटोतला नॉइज पुसून टाकतो. पण तुमच्या मूळ फोटोत धूसर भागातसुद्धा नॉइज धारदार असतो, कारण तो सेन्सरवर तयार होतो, लेन्सशी त्याचा संबंध नाही. २०० टक्क्यांवर टॅक्सीशेजारचा रस्ता बघा आणि तेवढाच बारीक नॉइज टॅक्सीवर घाला. तो घातल्यावर पुन्हा ब्लर देऊ नका.

ही रीत कुठे चालत नाही तेही सांगतो. फोटो फोनच्या पोर्ट्रेट मोडमधला असेल तर तो ब्लर लेन्सने केलेला नसतो, सॉफ्टवेअरने केलेला असतो, आणि तो अंतराप्रमाणे नीट वाढेलच असं नाही. तिथे सूत्र सोडा आणि फक्त शेजारच्या कडेशी जुळवा. लांबचे दिवे नसतील तर कमाल ब्लर फाइलच्या माहितीवरून काढता येतो: लेन्सची मिमी वर्ग करा, f आकड्याने भागा, मग जोडप्याच्या अंतराने मिमीत भागा. माझ्या फोटोत ८५ चा वर्ग ७२२५, भागिले २, भागिले ६०००, म्हणजे ०.६ मिमी. उभ्या फ्रेममध्ये २४ मिमी रुंदीत ४००० पिक्सेल आहेत, तर १०० पिक्सेल, दिव्यांवरून मोजले होते तेवढेच. क्लायंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही आणि पिक्सेलही कमी झालेले असतात, पण दिवे आणि पाय दिसत असतील तर सगळी मापं त्याच प्रमाणात लहान होतात आणि गुणोत्तर टिकतं. तरी टॅक्सीसारख्या कामासाठी मूळ फाइल मागून घ्या.

आणखी एक. पावसाळा सोडला तर आपल्याकडे समुद्रावर धुरकट हवा असते, आणि लांबच्या वस्तूचा काळा रंग तिच्यामुळे करडा पडतो. हा ब्लर नव्हे. १५ मीटरवर तिचा परिणाम फार थोडा, पण टॅक्सी दुसऱ्या शहरात स्वच्छ उन्हात टिपलेली असेल तर तिचा काळा रंग शेजारच्या गाड्यांच्या टायरपेक्षा गडद दिसेल. ब्लर बरोबर असूनही ती पुढे आल्यासारखी वाटली, तर आकड्याला हात लावू नका. लेव्हल्समध्ये तिचा काळा थोडा वर उचला, टायरच्या काळ्याशी जुळेपर्यंत.

मापं घेऊन झाली की क्षितिज, जोडप्याचे पाय, टॅक्सीची चाकं आणि लांबच्या दिव्याची चकती हे चार आकडे इथे टाका, शक्य असेल तर चाकांभोवतीचा १०० टक्क्यांचा तुकडाही. गणित आणि कड दोन्ही तपासून सांगतो.